तेरा बीजांचा हिशोब

पुढे मूल होता यावं म्हणून मी माझी स्त्रीबीजं गोठवून ठेवली. सोनोग्राफीत अकरा दिसत होती, सुईने नऊ निघाली आणि गोठवण्याजोगी सहाच होती. लॅबमध्ये बीजं हाताळणाऱ्या एम्ब्रियॉलॉजिस्ट बाईंनी हे तीन आकडे सांगितले तेव्हा मी कॉटवर पडून होते, भूल अर्धवट उतरलेली. माझंच काहीतरी चुकलं असं वाटून मला रडू आलं. एखादं इंजेक्शन वेळेवर झालं नसेल, त्या दिवशी ऑफिसात जास्त उभी राहिले असेन, असलं काहीबाही डोक्यात फिरत होतं. नंतर कळलं की चुकलं काही नव्हतं. हा हिशोब असाच चालतो, पायरीपायरीला कमी होत जातो. मला तो आधी कुणी नीट मांडून दाखवला असता तर त्या दिवशी मी रडले नसते. म्हणून हे लिहिते आहे.

मी बेळगावच्या शहापूरची. उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. बाबा गेले तेव्हा धाकटा भाऊ बारावीत होता. त्याचं इंजिनिअरिंग, घरावरचं कर्ज, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन यात माझी वर्षं गेली. त्याबद्दल मला खंत नाही. मधल्या काळात एक स्थळ ठरून मोडलं. २०२३ च्या मार्चमध्ये मला पस्तीस पूर्ण झाली. लग्न करायचं आहे आणि मूलही हवं आहे, पण त्यासाठी समोर येईल त्याला घाईघाईने होकार द्यायचा नाही, एवढं मात्र माझं पक्कं होतं.

म्हणून बीजं गोठवून ठेवायचं ठरवलं आणि आधी एका वंध्यत्व उपचारांच्या सेंटरमध्ये चौकशीला गेले. तिथल्या काउन्सिलर बाईंनी पाच मिनिटांत सांगून टाकलं, "नव्वद टक्के सक्सेस आहे, काळजीच करू नका." आमच्या धंद्यात नव्वद टक्के म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कशाचे नव्वद? मी तो विचारला. त्यांना उत्तर देता आलं नाही, त्यांनी पॅकेजचा कागद पुढे केला. तो नव्वदचा आकडा कुठून आला ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. गोठवलेली बीजं पुन्हा वितळवली की शंभरातली साधारण ऐंशी ते नव्वद जिवंत राहतात. म्हणजे तो बीज टिकण्याचा आकडा आहे, बाळ होण्याचा नाही. दोन्हींच्या मध्ये चार पायऱ्या आहेत. ज्या मुलींना हे माहीत नसतं त्या तो आकडा बाळाचाच समजून पैसे भरतात. मला याचा फार राग येतो, आजही.

दुसरीकडे गेले तिथल्या डॉक्टर वेगळ्या निघाल्या. रिसेप्शनवर मात्र तोच प्रकार झाला. फॉर्म कन्नड आणि इंग्रजीत, पहिल्याच पानावर पतीचं नाव. मी तो रकाना रिकामा ठेवला तर मुलीने विचारलं, "मिस्टर आले नाहीत काय?" शेजारी बसलेल्या दोन बायकांनी मान वळवून बघितलं. मी सांगितलं, लग्न झालेलं नाही, बीजं गोठवायला आले आहे. आवाज मोठा ठेवून सांगितलं, कारण हळू बोलले असते तर मलाच चोरट्यासारखं वाटलं असतं. कायद्याने यात अडचण काही नाही. कृत्रिम गर्भधारणेच्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या एआरटी कायद्यात एकवीस वर्षांवरची अविवाहित बाईसुद्धा या उपचारासाठी येऊ शकते. सही माझी एकटीची लागली. आई, भाऊ, कुणाचीच लागली नाही.

डॉक्टरांनी पाळीच्या दुसऱ्या दिवशी बोलावलं. त्या दिवशी आतून सोनोग्राफी करतात आणि दोन्ही अंडाशयांतल्या बारीक फोलिकल मोजतात. फोलिकल म्हणजे पाण्याची चिमुकली पिशवी, तिच्यात एक बीज असतं. माझ्या उजवीकडे सहा, डावीकडे पाच निघाल्या. रक्तातून एएमएच बघितलं, ते १.६ आलं. थायरॉइड, हिमोग्लोबिन, कावीळ आणि एचआयव्हीच्या तपासण्याही झाल्या. डॉक्टर म्हणाल्या, "एएमएच म्हणजे गोदामात माल किती शिल्लक आहे त्याचा अंदाज. माल कसा आहे ते यातून कळत नाही. ते तुमचं वय सांगतं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. ही तपासणी करून येणाऱ्या पुष्कळ जणी चांगला आकडा बघून निर्धास्त होतात किंवा कमी आकडा बघून हबकतात. आकड्यावरून ठरतं ते एवढंच, की एका फेरीत अंदाजे किती बीजं हाती लागतील.

घरी आईला समजावताना माझी खरी परीक्षा झाली. ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढी एकदम काढलीस तर संपणार न्हाईत काय गं? पाळी लवकर जाईल तुझी." मलाही हीच भीती होती, म्हणून मी डॉक्टरांना विचारूनच आले होते. दर महिन्याला अंडाशयात पाच-दहा-पंधरा फोलिकल वाढायला तयार होतात. शरीर त्यांतल्या एकीलाच पूर्ण वाढवतं, बाकीच्या त्याच महिन्यात वाळून जातात. आपण इंजेक्शन देतो ते या वाळून जाणाऱ्यांना जगवण्यासाठी. पुढच्या महिन्यांच्या साठ्याला हात लागत नाही. आईने हात धुतले, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हंजे टाकाऊ जाणारंच वापरायचं. मग चालंल."

इंजेक्शनं दुसऱ्या दिवसापासूनच सुरू झाली. फोलिकल वाढवणाऱ्या एफएसएच या संप्रेरकाचं, रोज ३०० युनिट, रोज संध्याकाळी सात वाजता, बेंबीच्या बाजूला दोन-तीन बोटं सोडून. पहिलं नर्सने दिलं, पुढची मी स्वतः घेतली. सुई बारीक असते, दुखत फारसं नाही, पण स्वतःच्या पोटाची चिमटीत धरलेली कातडी आणि हातातली सुई यांच्यामध्ये जो क्षण असतो तो पहिले तीन दिवस फार लांब वाटायचा. औषध फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, दोन ते आठ डिग्रीला. आमच्याकडे त्या आठवड्यात दुपारची वीज जात होती, म्हणून भावाने थर्माकोलचा डबा आणि बर्फाचे पॅक आणून ठेवले. रोज फ्रीजच्या दाराजवळ माझा फाउंड्रीतला थर्मामीटर लटकवलेला असायचा. दार उघडलं की आई आधी तो वाचायची.

सहाव्या दिवसापासून दुसरं इंजेक्शन जोडलं, सेट्रोरेलिक्स. त्याचं काम पहिल्याच्या उलट. फोलिकल मोठ्या व्हायला लागल्या की मेंदू आपणहून बीज सोडायचा हुकूम देतो, आणि तो हुकूम निघाला तर सुई लावायच्या आधीच सगळं पोटात सांडून जातं. हे औषध तो हुकूम अडवून धरतं. म्हणून त्याची वेळ पाळायला लागते. टोचलेल्या जागी तासभर लाल चकदळ येऊन खाज सुटते, ते आपोआप जातं.

दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी असायची. सकाळी आठला सेंटर, नऊला फाउंड्री. आठव्या दिवसापासून पोट भरल्यासारखं जड वाटायला लागलं, जीन्स लागेना. धावू नका, वजन उचलू नका असं सांगितलं होतं, कारण सुजलेलं अंडाशय स्वतःभोवती पिळा घेऊ शकतं. तो पिळा पडला तर अचानक एका बाजूला असह्य कळ येते, उलटी होते, आणि मग रात्र असो की दिवस, लगेच दवाखाना गाठायचा. मला तसं झालं नाही.

अकराव्या दिवशी मोठ्या फोलिकल अठरा ते वीस मिलिमीटरच्या होत्या. पण तीन मागे राहिल्या होत्या, बारा-तेराच्या. डॉक्टर स्क्रीनकडे बघत राहिल्या. मोठ्यांसाठी वाढवायची इंजेक्शनं आजच बंद करावी लागतील आणि छोट्यांसाठी अजून दोन दिवस हवेत, असा तो पेच होता. जास्त थांबलं तर मोठ्या जास्त पिकून वाया जातात. शेवटी त्यांनी ट्रिगर आजच द्यायचं ठरवलं.

ट्रिगर म्हणजे बीजाला शेवटचं पिकवायचा इशारा. ते दिल्यापासून छत्तीस तासांच्या आसपास बीज काढावं लागतं. माझं बुधवारी सकाळी साडेदहाला ठरलं, म्हणून इंजेक्शन सोमवारी रात्री बरोबर साडेदहाला. त्या रात्री घरात चार मोबाइलांचे गजर लावले होते. मला ट्रिप्टोरेलिन दिलं. पूर्वी यासाठी सरसकट एचसीजी द्यायचे, अजूनही काही ठिकाणी देतात. पण त्याने अंडाशय जास्त चिडून पोटात पाणी साठण्याचा धोका वाढतो. ज्या बाईला त्या महिन्यात गर्भ ठेवायचाच नाही तिला ट्रिप्टोरेलिनसारखं औषध पुरतं, आणि तो धोका पुष्कळ कमी होतो. तरी मला सांगून ठेवलं होतं : दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली किंवा दम लागला तर फोन न करता थेट या.

बुधवारी उपाशीपोटी गेले. ऑपरेशन थिएटरात नेताना कन्नड बोलणारी सिस्टर माझा हात धरून म्हणाली, "हेदरब्याडरी अक्का." घाबरू नका ताई, असं ती म्हणत होती. मला कन्नड येतं, पण त्या घटकेला भाषेपेक्षा तिच्या तळव्याची ऊबच जास्त कळली. शिरेतून भूल दिली. पुढचं डॉक्टरांनी नंतर सांगितलं तेवढंच मला माहीत. सोनोग्राफीच्या दांडीलाच लांब सुई बसवलेली असते, योनीच्या भिंतीतून ती अंडाशयात जाते, एकेक फोलिकल टोचून आतलं पाणी ओढून घेते. टाका नाही, कापाकापी नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम. ते पाणी नळ्यांमधून शेजारच्या लॅबमध्ये जातं आणि तिथे भिंगाखाली बीज शोधतात. प्रत्येक फोलिकलमधून बीज निघतंच असं नाही. म्हणून अकराची नऊ.

आणि नवाची सहा का, हे मला एम्ब्रियॉलॉजिस्ट बाईंनी संध्याकाळी दाखवलं. हा भाग मी कधी विसरणार नाही. त्यांनी कॉम्प्युटरवर दोन फोटो लावले. पहिल्यात एक गोल, करड्या रंगाचा, आत बारीक कणी असलेला, भोवती जाड पारदर्शक कडं. ते माझं बीज. खरा आकार मिलिमीटरचा दहावा हिस्सा, तरी शरीरातल्या पेशींत सगळ्यांत मोठं. कड्याच्या आत एका बाजूला मोहरीसारखा एक छोटा टिपका चिकटलेला. "ही पोलर बॉडी," त्या म्हणाल्या, "बीजाने अर्धी गुणसूत्रं बाहेर टाकली की ती दिसते. ती दिसली म्हणजे बीज पिकलं." दुसऱ्या फोटोत टिपका नव्हता, उलट मधोमध एक फुगा दिसत होता. ते कच्चं. नवांपैकी दोन अशी पूर्ण कच्ची आणि एक अर्धकच्चं. मागे राहिलेल्या त्या बारा-तेरा मिलिमीटरच्या तीन फोलिकल मला लगेच आठवल्या. कच्चं बीज पुढे फलित होण्याची शक्यता फार कमी, म्हणून ते गोठवत नाहीत.

गोठवतात कसं तेही त्यांनी सांगितलं. बीजात पाणी फार असतं. पूर्वी हळूहळू थंड करायचे तेव्हा त्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक व्हायचे आणि आतली रचना फाटून जायची. म्हणून बीज गोठवण्याचं काम कित्येक वर्षं बेभरवशाचं राहिलं. आता व्हिट्रिफिकेशन करतात. बीज दाट द्रावणात ठेवून आतलं बरंचसं पाणी काढून घेतात, मग एका पातळ पट्टीच्या टोकावर जेमतेम थेंबभर द्रावणात ते ठेवतात आणि पट्टी सरळ द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवतात, उणे १९६ डिग्रीला. इतक्या वेगात थंड होतं की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही, काचेसारखं घट्ट होतं. आमच्याकडे वितळलेलं लोखंड साच्यात किती वेगाने थंड होतं त्यावर आतले कण ठरतात, त्यामुळे हे मला एकदम पटलं. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीवरचा 'प्रायोगिक' हा शिक्का २०१२ मध्ये काढला.

दोन दिवस पोट दुखलं, थोडा रक्तस्राव झाला, तिसऱ्या दिवशी कामावर गेले. आठवड्याने डॉक्टरांकडे बसले तेव्हा मी वहीच काढली. सहा बीजं म्हणजे नेमकं काय, ते मला शेवटपर्यंत मांडून हवं होतं.

त्यांनी माझ्याच वहीत लिहिलं. सहा वितळवली तर पाच जिवंत राहतील असं धरू. त्या प्रत्येकात एकेक शुक्रजंतू सुईने सोडावा लागतो, कारण गोठवताना बीजाभोवतीच्या पेशी काढलेल्या असतात. शंभरात सत्तर फलित होतात, म्हणजे तीन-चार. ते लॅबमध्ये पाच-सहा दिवस वाढवायचे. त्यांतले चाळीसेक टक्केच शेवटच्या टप्प्यावर, ब्लास्टोसिस्टपर्यंत, पोचतात. म्हणजे एक किंवा दोन. आणि पस्तीस-छत्तीसाव्या वर्षीच्या बीजांपासून झालेल्या अशा भ्रूणांपैकी जवळजवळ निम्म्यांत गुणसूत्रांची संख्या चुकलेली असते. ते रुजत नाहीत किंवा रुजून पडतात. "म्हणजे चांगला भ्रूण असलाच तर एक," त्या म्हणाल्या, "आणि चांगला भ्रूण ठेवला तरी दर वेळी रुजतोच असं नाही. शंभरात पन्नास-साठ."

मी विचारलं, मग किती बीजं असली म्हणजे खात्री? त्या म्हणाल्या, "खात्री कितीलाही नाही." मग त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या केंद्राचा २०२२ मध्ये छापून आलेला अभ्यास सांगितला. तिथे स्वतःची बीजं गोठवून पुढे ती वापरायला परत आलेल्या बायकांची पंधरा वर्षांची नोंद आहे. गोठवतानाचं त्यांचं सरासरी वय अडतीसच्या थोडं वर. त्यांतल्या एकोणचाळीस टक्के जणींना निदान एक मूल झालं. ज्यांनी अडतीसच्या आत गोठवली आणि ज्यांची वीस किंवा जास्त बीजं वितळवली त्यांच्यात हा आकडा सत्तर टक्के होता. म्हणजे कमी वय आणि भरपूर बीजं, दोन्ही जमलं तरी दहातल्या तिघी रिकाम्या हाताने गेल्या. मला हे ऐकून वाईट वाटलं नाही. उलट पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी सरळ बोलतं आहे असं वाटलं.

मग मी तो प्रश्न विचारला जो प्रत्येकीने विचारायला हवा : तुमच्या इथे बीजं गोठवलेल्या किती जणी परत आल्या, आणि त्यांचं काय झालं? डॉक्टरांनी रजिस्टर मागवलं. स्वतःसाठी गोठवून परत येऊन वापरलेल्या चार. त्यांतल्या दोघींना मूल. "चारावरून मी तुम्हाला टक्केवारी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. आपल्या भागात हे नवं आहे, गोठवणाऱ्या बऱ्याच जणी अजून परतच आलेल्या नाहीत, त्यामुळे वितळवण्याचा हात किती बसलेला आहे हे इथे खास विचारायला लागतं. दात्याची बीजं वितळवण्याचा त्यांच्या लॅबला बराच अनुभव होता आणि त्यांत टिकण्याचं प्रमाण चांगलं होतं. त्यावर मी विश्वास ठेवला.

दुसरी फेरी करायची की नाही यावर महिनाभर घरात बोलणं चाललं. पहिल्या फेरीला एक लाख बासष्ट हजार लागले होते, त्यांत जवळजवळ निम्मे औषधांचे. कंपनीच्या इन्शुरन्सने एक रुपया दिला नाही. भाऊ म्हणाला, "ताई, माझ्या फीच्या वेळी तू हिशोब केला होतास काय?" पैसे त्याने दिले. मी ते घेतले.

या वेळी डॉक्टरांनी पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या, फोलिकल एकसारख्या सुरू व्हाव्यात म्हणून. पहिल्यासारखी काही पुढे काही मागे अशी फरफट नको होती. बाकी सगळं तेच. एकदाच गडबड झाली. आठव्या दिवशी शिरोलीच्या एमआयडीसीत गिऱ्हाइकाकडे ऑडिट होतं, टाळता येईना. परत येताना तवंदी घाटात ट्रक आडवा पडला होता आणि गाड्या तासभर हलल्या नाहीत. सातला वीस मिनिटं कमी होती. डबा सोबत होता, बर्फ अजून पाणी झालेला नव्हता. ड्रायव्हर काका वयस्कर, त्यांना म्हटलं, काका, पाच मिनिटं खाली उतरता काय, मला औषध घ्यायचं आहे. ते काही न विचारता उतरले आणि गाडीला पाठ करून उभे राहिले. मोबाइलच्या उजेडात सेट्रोरेलिक्सची पावडर पाण्यात विरघळवली, बुडबुडा काढला, टोचून घेतलं. दोन्ही इंजेक्शनं सातच्या ठोक्याला झाली.

या वेळी दहा निघाली. सात पिकलेली. एकूण तेरा.

वहीत मी पुन्हा तोच हिशोब मांडला. तेरातली अकरा टिकतील, आठ फलित होतील, तीन-चार ब्लास्टोसिस्ट होतील, त्यांतले दोन चांगले असतील. डॉक्टरांनी बघून मान हलवली आणि प्रत्येक आकड्याशेजारी पेन्सिलीने 'साधारण' लिहिलं. माझ्या वयाला तेरा बीजांवर एक मूल होण्याची शक्यता पन्नास ते सत्तर टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या मुलाचा विचार यावर करू नका म्हणाल्या. तिसरी फेरी मी केली नाही. पैसे हे एक कारण, आणि एका मुलापुरती ही शक्यता मला पुरेशी वाटली हे दुसरं. तिशीच्या आत-बाहेर आले असते तर एकाच फेरीत बहुधा एवढी मिळाली असती, आणि त्यांतली जास्त चांगली असती. अठ्ठावीस-तीसच्या माझ्या चुलत बहिणी विचारतात तेव्हा मी हे सांगते. त्याबरोबर हेही सांगते की त्या वयात गोठवणाऱ्या पुष्कळ जणींना पुढे आपसूक मूल होतं आणि गोठवलेल्याची गरजच पडत नाही.

बीजं पस्तीसची राहिली तरी बाकीचं शरीर पुढे जातंच. गर्भारपण त्रेचाळिसाव्या वर्षी आलं तर रक्तदाब, साखर, सिझेरियन हे सगळं त्रेचाळीसच्या हिशोबाने येतं. कायद्यात अशा उपचारासाठी बाईची मर्यादा पन्नास वर्षांची आहे आणि साठवण दहा वर्षांपर्यंत. माझ्या डॉक्टरांनी मात्र चाळीस-एकेचाळीसच्या पुढे ताणू नका असं बजावलं. लग्न आधी झालं तर प्रथम नैसर्गिक प्रयत्न करायचा, ही तेरा बीजं हाताशी ठेवून. ती ताज्या प्रयत्नांच्या जागी नाहीत, त्यांच्या मागे आहेत.

साठवणीची फी वर्षाला अठरा हजार. करारात मी दोन गोष्टी वाचून घेतल्या, दोन्हींसाठी इंग्रजी शब्द डॉक्टरांकडून मराठीत समजावून घेतले : फी चुकली तर किती दिवसांनी आणि कशी सूचना देऊन बीजं काढून टाकणार, आणि सेंटर बंद पडलं किंवा मला दुसऱ्या गावी न्यायची असली तर पट्ट्या कशा हलवणार. मी मेले तर काय करायचं तोही एक रकाना होता. नष्ट करा, असं लिहून सही केली. आईला हे सांगितलं नाही.

या मार्चमध्ये फी भरायला गेले तेव्हा एम्ब्रियॉलॉजिस्ट बाई दारातच भेटल्या. मी विचारलं, बघता येईल काय? आत जाता येत नाही, पण काचेतून त्यांनी टाकी दाखवली. कंबरेएवढी, दुधाच्या कॅनसारखी, वर तारीख आणि नायट्रोजनची पातळी लिहिलेला कागद चिकटवलेला. आदल्याच दिवशी भरल्याची नोंद होती. पावतीवर पाच पट्ट्यांचे नंबर आहेत, दोन पहिल्या फेरीच्या, तीन दुसऱ्या फेरीच्या, आणि त्यापुढे संख्या : तीन, तीन, तीन, दोन, दोन. घरी आल्यावर आईने पावती वाचली, बोटावर बेरीज केली आणि देवघराच्या खालच्या खणात, घराच्या कागदांबरोबर ठेवली.